चमचाभर तज

बंगळुरूच्या शिवाजीनगर बसस्थानकातून बाहेर पडलं की थोड्याच अंतरावर रसेल मार्केटची ती लांबट, कमानींची इमारत दिसते. एकेकाळी या भागाला ब्लॅकपल्ली म्हणत. पुढे तो महाराजांच्या नावानं ओळखला जाऊ लागला. बाजार 1933 मध्ये सुरू झाला आणि टी. बी. रसेल या पालिका आयुक्तांचं नाव त्याला मिळालं. समोर सेंट मेरीचं चर्च आहे, आसपास मशिदी, दागिन्यांच्या पेढ्या आणि बिर्याणीची हॉटेलं. इथे एकाच मसाल्याला गिऱ्हाईक तीन नावांनी हाक मारतं. कानडी बाई ‘चक्के’ मागते, तमिळ माणूस ‘पट्टै’ म्हणतो, दखनी बोलणारे आणि मराठी घरांतले लोक ‘दालचिनी’ म्हणतात. नाव काहीही घेतलं, तरी पुडीत बहुधा एकच वस्तू पडते. तांबूस-तपकिरी, जाड, कडक साल, दोन्ही बाजूंनी आत वळलेली, चपलेच्या तळव्यासारखी न वाकणारी.

ही साल खोटी नाही, भेसळही नाही. ती तज आहे. इंग्रजीतून आलेलं तिचं नाव कॅसिया. मराठी घरांत पूर्वी तज आणि दालचिनी हे दोन वेगळे शब्द होते, आणि भारताच्या अन्नसुरक्षा नियमांतही त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. 2011 च्या नियमांत ‘कॅसिया (तज)’ हा एक मसाला आहे आणि ‘सिनॅमन (दालचिनी)’ हा दुसरा. तज म्हणजे सिनॅमोमम कॅसिया या झाडाची साल, दालचिनी म्हणजे सिनॅमोमम झेलॅनिकम या झाडाची आतली साल. दोघींतल्या तेलाचं किमान प्रमाणही नियमानं वेगळं ठरवलं आहे. बाजारात मात्र तज हा शब्द जवळपास मावळला आणि दोघी एकाच बरणीत, एकाच नावानं विकल्या जाऊ लागल्या. देशात लागणारा मोठा साठा व्हिएतनाम, चीन आणि इंडोनेशियातून येतो, आणि तिकडून येणारी साल मुख्यतः तजेच्याच कुळातली असते. कण्णूरचे दालचिनी उत्पादक लेनर्ड जॉन यांनी हाच मुद्दा धरून वर्षानुवर्षं अर्ज आणि तक्रारी केल्या: तज विकायची तर तज म्हणून विका.

बिर्याणीच्या हंडीत हा फरक फक्त चवीचा असतो. किलोभर तांदळात दोन-तीन तुकडे पडतात, आठ-दहा माणसं जेवतात आणि तुकडे ताटाच्या कडेला काढून ठेवले जातात. एकेका माणसाच्या पोटात फार थोडा अंश जातो. गोष्ट बदलते ती मसाल्याचं औषध झाल्यावर, म्हणजे कुणी सकाळी कोमट पाण्यात आणि रात्री दुधात चमचाभर पूड घालून ‘शुगरसाठी’ रोज घेऊ लागतं तेव्हा. मसाला चिमटीनं मोजतात, औषध चमच्यानं. कुमारिनचा प्रश्न या चमच्यापासून सुरू होतो.

कुमारिन हे सालीतलंच एक सुवासिक द्रव्य आहे. वाळलेल्या गवताला येणारा गोडसर वास बराचसा त्याचाच. टोंका नावाच्या दक्षिण अमेरिकी बीमध्ये ते भरपूर असतं आणि व्हॅनिलाच्या जोडीनं ते खाद्यपदार्थांत घातलं जाई. प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या आणि कुत्र्यांच्या यकृतावर त्याचा वाईट परिणाम दिसल्यावर अमेरिकेनं 1954 मध्ये ते खाण्यात घालायला बंदी केली. भारतातही सुवासासाठी कुमारिन किंवा टोंका बी वापरायला मनाई आहे. पण जे बाहेरून घालायला मनाई आहे ते सालीत निसर्गानंच भरलेलं असेल, तर ते आपल्या हातात मसाला म्हणून निर्वेध येतं.

किती भरलेलं असतं, यावर सगळं अवलंबून आहे. जर्मनीच्या संघीय जोखीम मूल्यांकन संस्थेनं 2006 पासून या प्रश्नावर सविस्तर काम केलं. नाताळात दालचिनीच्या बिस्किटांचा तिथे महापूर असतो, आणि तपासणीत लक्षात आलं की पूड बहुतांशी तजेची आहे. हिशेबासाठी त्या संस्थेनं तजेच्या एका ग्रॅममध्ये सरासरी 3 मिलिग्रॅम कुमारिन धरलं. खऱ्या दालचिनीत, म्हणजे श्रीलंका, केरळ आणि कोकणात होणाऱ्या जातीत, ते इतकं कमी असतं की अनेक नमुन्यांत जेमतेम सापडतं. ही तफावत दुप्पट-तिपटीची नाही, शेकडो पटींपर्यंत जाणारी आहे.

आणि ‘सरासरी’ हा शब्द इथे फसवा आहे. त्याच संस्थेच्या संशोधकांनी जर्मन दुकानांतल्या तजेच्या कांड्या आणि इंडोनेशियातल्या झाडांवरून थेट आणलेल्या साली तपासल्या, तेव्हा एकाच झाडाच्या वेगवेगळ्या जागच्या सालीतही कुमारिन कमी-जास्त निघालं. व्हिएतनामी तजेच्या काही नमुन्यांत ते ग्रॅमला 7 मिलिग्रॅमच्या आसपास आढळलं आहे. म्हणजे या महिन्याची पुडी सौम्य आणि पुढच्या महिन्याची तिच्या दुप्पट, असं सहज होऊ शकतं. घेणाऱ्याला ते चवीवरून कळत नाही, विकणाऱ्यालाही नाही.

मर्यादा युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणानं 2004 मध्ये ठरवली आणि 2008 मध्ये पुन्हा तपासून तशीच ठेवली. शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला 0.1 मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला 6 मिलिग्रॅम. ही मर्यादा आयुष्यभर रोज घेतलं तरी चालेल अशा हिशेबानं आखलेली आहे. ती ओलांडली की त्याच दिवशी यकृत बिघडतं असा तिचा अर्थ नाही. आठ-पंधरा दिवस तिप्पट गेलं तरी काळजीचं कारण नाही, असं प्राधिकरणानंच नोंदवलं आहे. दिवाळीच्या आठवड्यात मसाले दूध जास्त झालं म्हणून कुणी घाबरू नये. वर्षभर रोज चालणाऱ्या चमच्याचा मात्र हिशेब मांडायलाच हवा.

तो एका घराचं उदाहरण घेऊन मांडू. शिवाजीनगरजवळ राहणाऱ्या एक मराठी काकू डोळ्यासमोर आणा. वय पासष्टच्या पुढे, वजन 58 किलो, मेटफॉर्मिनची गोळी दहा वर्षांपासून चालू, जोडीला कोलेस्टेरॉलची एक गोळी. बहिणीनं सांगितलं म्हणून त्यांनी दालचिनी सुरू केली. बाजारातून कांड्या आणायच्या, तव्यावर किंचित शेकायच्या, मिक्सरमधून पूड करायची, सकाळी एक चमचा आणि रात्री एक. त्यांचा चमचा म्हणजे चहाचा. तो सपाट भरला तर तजेची पूड साधारण अडीच ग्रॅम भरते, आणि घरात चमचा सपाट कोण भरतं? तरी सपाटच धरू. दोन चमचे म्हणजे पाच ग्रॅम. ग्रॅमला 3 मिलिग्रॅम धरलं तर दिवसाला 15 मिलिग्रॅम कुमारिन. काकूंची मर्यादा 5.8. म्हणजे अडीच पटीहून अधिक. पुडी जर त्या जहाल व्हिएतनामी मालाची निघाली, ग्रॅमला 7 वाली, तर तोच आकडा 35 वर जातो, मर्यादेच्या सहापट. हे रोज, आणि वर्षभर.

आता उलट बाजूनं पाहू. काकूंनी तीच तज पाव चमचा घेतली, म्हणजे साधारण 0.6 ग्रॅम, तर सरासरी मालात दोन मिलिग्रॅमच्या आत आणि जहाल मालातही साडेचारच्या आत राहतं. 58 किलोला हे चालतं, 45 किलोच्या किरकोळ बाईलाही चालतं. जर्मन संस्थेचा साठ किलोच्या माणसासाठीचा हिशेब दिवसाला 2 ग्रॅमपर्यंत जातो, पण तो सरासरीवर बेतलेला आहे. कुठल्या पुडीत किती आहे हे माहीत नसताना दिवसाला एक ग्रॅमच्या आत थांबणं शहाणपणाचं. पाव चमचा रोज पाळता येतो, तीच कमाल समजावी, आणि ती दिवसभराची, एका वेळची नव्हे. नातवाच्या दुधात घालताना मात्र हात अजून आखडावा. पंधरा किलोच्या मुलाची मर्यादा अर्ध्या ग्रॅमवरच संपते, आणि अर्धा ग्रॅम म्हणजे दोन-तीन चिमट्या.

काढा केला, पूड गाळून टाकली, म्हणजे कुमारिन मागे राहील अशी एक समजूत आहे. तसं होत नाही. जर्मनीत 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात स्वयंसेवकांना शुद्ध कुमारिन, तजेचा चहा, तज घातलेली तांदळाची खीर आणि तजेच्या कॅप्सूल आळीपाळीनं देऊन लघवीतून बाहेर पडणारं प्रमाण मोजलं. चारही रूपांत शरीरानं जवळपास सारखंच कुमारिन घेतलं. चहात उतरलेलं कुमारिन पूर्णच अंगात जातं. खिरीतल्या दुधा-तांदळानंही विशेष अडवणूक केली नाही.

यकृतात पुढे काय होतं, हे माणसामाणसागणिक बदलतं. बहुतेकांच्या यकृतात एक ठरावीक विकर कुमारिनचं निरुपद्रवी द्रव्यात रूपांतर करतं आणि ते लघवीवाटे निघून जातं. काहींमध्ये ही वाट अरुंद असते. मग कुमारिन दुसऱ्या वाटेनं फुटतं आणि तयार होणारी द्रव्यं यकृताच्या पेशींना त्रास देतात. आपण कोणत्या गटात आहोत हे आधी कळण्याचा सोपा उपाय नाही. काही देशांत कुमारिन औषध म्हणून, स्तनाच्या कर्करोगानंतर हाताला येणाऱ्या सुजेसाठी, दिलं जात असे. 1999 मध्ये अमेरिकेत 140 स्त्रियांवर झालेल्या चाचणीत सूज तर कमी झाली नाहीच, उलट सुमारे सहा टक्के स्त्रियांच्या रक्तात यकृताला इजा झाल्याच्या खुणा दिसल्या. तो डोस दिवसाला 400 मिलिग्रॅम होता, काकूंच्या चमच्यांपेक्षा खूप मोठा. त्यातून दोन गोष्टी समजतात: माणसाचं यकृतही यातून सुटत नाही, आणि ज्यांना त्रास होतो ती माणसं थोडी असतात.

थोडी असली तरी ती असतात. 2015 मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात 73 वर्षांच्या अमेरिकन बाईची नोंद प्रसिद्ध झाली. हृदयविकारामुळे त्यांना स्टॅटिन चालू होतं, ती कोलेस्टेरॉलची गोळी. त्यांनी दालचिनीच्या गोळ्या सुरू केल्या आणि आठवडाभरात पोटदुखी, उलट्या आणि जुलाब घेऊन त्या रुग्णालयात आल्या. तपासणीत यकृताला सूज आली होती. दोन्ही गोळ्या बंद केल्यावर त्या बऱ्या झाल्या, आणि पुढे स्टॅटिन पुन्हा सुरू केल्यावर त्रास परतला नाही. एका रुग्णावरून सिद्धांत मांडता येत नाही. पण मधुमेह असलेल्या किती घरांत स्टॅटिनची पट्टी आणि दालचिनीची बरणी एकाच फळीवर असते, हे आठवलं की ही नोंद दूरची वाटत नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. कुमारिन म्हणजे रक्त पातळ करणारं औषध, असं बरेच जण मानतात, कारण वॉरफरिन रासायनिकदृष्ट्या त्याच घराण्यातलं. सालीतलं कुमारिन स्वतः रक्त पातळ करत नाही. बुरशी लागलेल्या गोड क्लोव्हर गवतात कुमारिनचं रूपांतर डायकुमारॉलमध्ये होतं आणि ते खाऊन उत्तर अमेरिकेत गुरं रक्तस्रावानं मरत होती. वॉरफरिनचा माग तिथून लागला. वॉरफरिन घेणाऱ्यानं तरीही रोज चमचाभर काहीही सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना सांगावंच, पण दालचिनीची मुख्य काळजी रक्ताची नाही, यकृताची आहे.

मग ज्या साखरेसाठी हे सगळं चालतं, तिचं काय होतं?

दालचिनीच्या कीर्तीची मुळं पेशावरमध्ये आहेत. तिथे 60 मधुमेही रुग्णांना 40 दिवस तजेची पूड किंवा नुसत्या पिठाच्या कॅप्सूल दिल्या. कुणाला 1 ग्रॅम, कुणाला 3, कुणाला 6. 2003 मध्ये निष्कर्ष आला की उपाशीपोटीची साखर 18 ते 29 टक्क्यांनी उतरली. ही बातमी जगभर गेली आणि अजून फिरते आहे. तिच्यातला एक तपशील मात्र सांगणारे गाळतात. तीन आणि सहा ग्रॅमनं मिळालं ते एक ग्रॅमनंही मिळालं. डोस वाढवला म्हणून उतार वाढत गेला असं दिसलं नाही. ‘जास्त घेतलं की जास्त गुण’ या समजुतीला त्या मूळ अभ्यासातच आधार नव्हता.

पुढच्या चाचण्यांत चित्र विस्कटलं. नेदरलँड्समध्ये 25 मधुमेही स्त्रियांना सहा आठवडे दीड ग्रॅम देऊन काहीच फरक पडला नाही. जर्मनीत 79 रुग्णांना चार महिने अर्क दिला. उपाशीपोटीची साखर थोडी उतरली, पण एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी, हलली नाही. अमेरिकेत 109 रुग्णांना 90 दिवस रोज 1 ग्रॅम दिल्यावर एचबीएवनसी 0.83 ने उतरली, पण नुसत्या नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांचीही 0.37 ने उतरली. म्हणजे दालचिनीच्या वाट्याला अर्धा टक्काही येत नाही. 2012 मध्ये कॉक्रेन या संस्थेनं दहा चाचण्या, 577 माणसं एकत्र तपासली आणि मधुमेहासाठी दालचिनीची शिफारस करण्याइतका पुरावा नाही असा निर्वाळा दिला. काही चाचण्यांत उपाशीपोटीची साखर उतरताना दिसते हे खरं. ग्लुकोमीटरवर सकाळी 138 चे 126 झाले की काकूंना आनंद होणार, आणि व्हावाही. पण डोळे, मूत्रपिंड आणि पायांच्या नसा यांचं भवितव्य तीन महिन्यांच्या सरासरीशी जास्त बांधलेलं असतं, आणि तिथे ही साल भरवशाची ठरलेली नाही.

यातून एक पेच उभा राहतो, आणि तो लपवून चालणार नाही. या चाचण्या मुख्यतः तजेवर झाल्या आहेत. कुमारिन टाळायचं म्हणून खऱ्या दालचिनीकडे वळलं, तर यकृताची काळजी जवळपास मिटते, पण साखरेवरचा जो थोडाफार पुरावा आहे तो मागे सोडलेल्या सालीचा असतो. खऱ्या दालचिनीवर माणसांतलं काम त्याहून तोकडं आहे. म्हणून खरी दालचिनी घ्यावी ती चवीसाठी आणि सवय सोडवत नसेल तर सुरक्षिततेसाठी. ‘तिनंही साखर उतरेल’ अशी हमी तिच्यासोबत येत नाही.

ती ओळखायची कशी, हे हातात घेतल्यावर पटकन कळतं. तजेची कांडी म्हणजे एकच जाड पापुद्रा, दोन्ही कडांनी आत गुंडाळलेला, मध्ये पोकळी. मोडायला जोर लागतो आणि मोडताना कटकन आवाज येतो. खरी दालचिनी फिकट, मातकट रंगाची असते. तिची कांडी तोडून तोंडाकडून पाहिली तर कागदासारखे पातळ अनेक पापुद्रे एकात एक सरकवलेले दिसतात, चिरुटात पानं भरावीत तसे. बोटांत दाबली की भुगा होतो. वास गोडसर, थोडा लवंगेकडे झुकणारा. तजेसारखा जिभेला झोंबत नाही. हा फरक साल काढण्याच्या रीतीतून येतो. दालचिनीचं झाड झुडपासारखं छाटून ठेवतात, बोटाएवढ्या-अंगठ्याएवढ्या कोवळ्या फांद्या कापतात, वरची खरबरीत साल खरवडतात, पितळी दांड्यानं घासून आतली साल सैल करतात आणि सुरीनं दोन उभे छेद देऊन ती अलगद सोडवतात. मग पातळ पट्ट्या एकात एक घालून सावलीत वाळवायच्या. वाळताना त्या आपोआप वळतात. तजेची साल त्यामानानं जून खोडाची आणि जाड असते.

यासाठी श्रीलंकेकडेच पाहायला हवं असं नाही. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठानं ‘कोकण तेज’ नावाची खऱ्या दालचिनीची जात दिली आहे, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गात ती नारळी-पोफळीच्या बागांत आंतरपीक म्हणून लावतात. बंगळुरूच्या मराठी घरांना सुट्टीत कोकणात गेल्यावर ती मिळू शकते. शिवाजीनगरात मागायची तर नुसतं ‘दालचिनी’ म्हणून भागत नाही. तमिळ दुकानदाराकडे ‘सुरुळ पट्टै’, म्हणजे गुंडाळलेली, म्हटलं की तो वेगळी बरणी काढण्याची शक्यता वाढते. इतरत्र ‘सिलोन’ म्हणावं. भाव तजेच्या बराच वर असतो, आणि स्वस्तात ‘सिलोन’ मिळाली तर कांडी मोडून पापुद्रे बघितल्याशिवाय घेऊ नये.

पूड विकत घेऊन मात्र काहीच ओळखता येत नाही. तजेत चिकट द्रव्य जास्त असल्यानं तिची पूड गरम पाण्यात बुळबुळीत होते, ही एक घरगुती खूण. पण मिश्र पुडीत ती फसते, आणि खात्रीचं उत्तर प्रयोगशाळेच्या यंत्रातूनच मिळतं. कॅप्सूलच्या डबीवर नुसतं ‘सिनॅमन’ लिहिलं असेल तर ती तज समजावी. शास्त्रीय नावात ‘व्हेरम’ किंवा ‘झेलॅनिकम’ असेल तरच दालचिनी. 500 मिलिग्रॅमच्या चार कॅप्सूल म्हणजे दोन ग्रॅम, एवढा हिशेब डबीवरूनच होतो.

जुन्या वैद्यकानं या सालीला त्वक् म्हणून मान दिला, पण मोजून. सितोपलादि चूर्णात खडीसाखर 16 भाग, वंशलोचन 8, पिंपळी 4, वेलची 2 आणि त्वक् 1. तीन ग्रॅम चूर्णात दालचिनी येते एक दशांश ग्रॅम. आजच्या चहाच्या चमच्यात तिच्या पंचवीसपट मावते.

काकूंनी काय करावं? मेटफॉर्मिन सोडू नये, हे सर्वांत आधी, कारण दालचिनीवर विसंबून गोळी कमी करणाऱ्यांचं नुकसान कुमारिनच्या कितीतरी आधी होतं. पूड घ्यायचीच असेल तर तज पाव चमचा, तीही दिवसातून एकदा, किंवा खऱ्या दालचिनीवर यावं. पुढच्या रक्ततपासणीत एचबीएवनसीसोबत एसजीपीटी करून घ्यावी आणि डॉक्टरांना बरणीबद्दल आपणहून सांगावं, कारण ‘आणखी काही औषध घेता का’ या प्रश्नाला घरातला मसाला कुणालाच आठवत नाही. ज्यांना कावीळ होऊन गेली आहे, यकृतात चरबी किंवा सूज आहे, ज्यांना क्षयाच्या गोळ्या किंवा मेथोट्रेक्सेट चालू आहे, जे नियमित दारू घेतात, त्यांनी आणि गर्भवतींनी औषध म्हणून तज घेऊच नये. भूक मेली, मळमळ थांबेना, लघवी गडद झाली, डोळ्यांत पिवळेपणा आला, तर पूड त्याच दिवशी बंद करून तपासून घ्यावं.

आणि चमचा एकदा तरी वजन करून पाहावा. रसेल मार्केटपासून चालत जाण्याच्या अंतरावर सोनारांची गल्ली आहे, तिथल्या काट्यांवर ग्रॅमचा शतांश कळतो. पण त्यासाठी तेवढंही जायला नको, स्वयंपाकघरात मिठाईसाठी ठेवलेला डिजिटल काटा ग्रॅमचा दशांश दाखवत असेल तर पुरतो. वाटी ठेवून शून्य करायचं, नेहमीच्या हातानं, नेहमीच्या चमच्यानं पूड घालायची आणि आकडा वाचायचा. साठ किलोच्या माणसासाठी काट्यावर एकच्या अलीकडचा आकडा यायला हवा.